नोकरी करून एमपीएससी: वेळापत्रक आधी मोजायचं, मग आखायचं

माझी मामेबहीण वारज्यात राहते आणि हिंजवडीत फेज दोनला एका पेरोलच्या कंपनीत काम करते. गट-ब संयुक्त पूर्व परीक्षेची, म्हणजे एएसओ, एसटीआय, पीएसआय या पदांची तयारी करायची ठरवलं तेव्हा तिच्या हातात २४ आठवडे होते. पहिल्याच रात्री तिने वेळापत्रक लिहून काढलं. पहाटे साडेचार ते साडेसात, रात्री नऊ ते साडेअकरा, शनिवारी ८ तास, रविवारी १० तास. आठवड्याला साडेपंचेचाळीस तास. ते नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी ती बसमध्ये झोपली, स्टॉप चुकला, त्या रात्री काही झालं नाही, आणि मग ‘आता सोमवारपासून’ सुरू झालं.

मी स्वतः नोकरी सांभाळून हीच परीक्षा दिली आहे आणि पहिल्या वेळी नेमकी हीच चूक केली होती. पाच तासांच्या झोपेवर चार महिने काढले आणि पेपरमध्ये येत असलेले प्रश्न नीट न वाचता चुकवले. म्हणून तिच्याबरोबर बसून दुसरं वेळापत्रक केलं. ते कसं केलं ते इथे क्रमाने सांगतो. आकडे तिचे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण रीत तीच राहील.

पहिले दोन आठवडे फक्त नोंद

वेळापत्रक आखण्याआधी दोन आठवडे जमेल तसा अभ्यास करायचा आणि रोज एका ओळीत लिहायचं: किती वाजता बसले, किती वाजता उठले, काय झालं. पुस्तक उघडं होतं आणि डोकं त्यात होतं तेवढीच मिनिटं धरायची. चहा, पेन शोधणं, टेलिग्रामवर नोट्स उतरवून घेणं यातलं काही धरायचं नाही.

दोन आठवडे अशासाठी की एक साधा हवा आणि एक कामाच्या गर्दीचा. पेरोलमध्ये महिनाअखेर म्हणजे गर्दी. तुमच्याकडे रिलीजचा आठवडा असेल, बँकेत असाल तर तिमाहीची अखेर, दवाखान्यात असाल तर रात्रपाळी. तो आठवडा मोजला नाही तर सगळं गणित फसतं, कारण वेळापत्रक मोडतं ते नेहमी त्याच आठवड्यात.

तिची नोंद अशी आली. साध्या आठवड्यात पाच सकाळी प्रत्येकी ७० मिनिटं, तीन रात्री प्रत्येकी ४०, जाताना बसमध्ये रोज ३० (येताना ती झोपतेच, ते झोपेतच धरायचं), शनिवारी ४ तास, रविवारी ५. एकूण १९ तासांच्या थोडं वर. महिनाअखेरीच्या आठवड्यात चार सकाळी ४५ मिनिटं, बसमध्ये २०, रात्री शून्य, शनिवारी ऑफिस, रविवारी ३ तास. जेमतेम साडेसात तास.

हे आकडे बघून ती रडवेली झाली होती. पण हेच खरे आकडे होते, आणि पुढचं सगळं यांच्यावरच उभं करायचं होतं.

हातात एकूण किती तास आहेत

आता गुणाकार. २४ आठवड्यांत सहा महिनाअखेरी धरल्या. उरलेले १८ आठवडे १९ तासांचे, म्हणजे ३४२. सहा आठवडे साडेसात तासांचे, म्हणजे ४५. बेरीज ३८७. यातून दोन साधे आठवडे सरळ वजा केले, एक दिवाळीचा आणि एक घरच्या लग्नाचा. उरले साधारण ३५०. त्यातला सातवा हिस्सा ताप, पाहुणे, अचानक आलेलं काम यांच्यासाठी बाजूला काढला. हाती राहिले ३०० तास.

पुण्यात राहणाऱ्याने इथे कॅलेंडर समोर घेऊनच बसावं. पालखी शहरात मुक्कामी असते तेव्हा रस्ते बंद असतात आणि घरी यायला किती वाजतील याचा भरवसा नसतो. गणपतीचे दहा दिवस तुमचं घर मांडवाजवळ असेल तर रात्रीचा अभ्यास होतच नाही. तो आठवडा साधा न धरता गर्दीचा धरायचा. नातेवाइकांची लग्नं, सत्यनारायण, गावची जत्रा हे सगळं आधीच माहीत असतं. ते आजच कॅलेंडरवर लिहिलं की नंतर अपराधी वाटत नाही.

पहिल्या वेळापत्रकाप्रमाणे तिच्याकडे जवळपास १,१०० तास होते. खरे होते ३००. अकराशे तासांच्या हिशेबाने पुस्तकं विकत घेतली तर काय होतं हे अप्पा बळवंत चौकातून भरलेल्या पिशव्या घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तीनशे तासांत एका विषयाची तीन पुस्तकं बसत नाहीत, एकच बसतं. हा निर्णय आकडा समोर असला की घेता येतो.

तास विषयांना वाटणं

पूर्व परीक्षेला १०० प्रश्न, १०० गुण आणि ६० मिनिटं. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. विषय सात: चालू घडामोडी, नागरिकशास्त्र, इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था, सामान्य विज्ञान आणि बुद्धिमत्ता-अंकगणित. तास वाटण्याआधी mpsc.gov.in वरून मागच्या वर्षांचे तीन पेपर आणि त्यांच्या उत्तरतालिका उतरवून घ्या आणि एक पेपर घड्याळ लावून सोडवा. काहीही न वाचता. मग प्रत्येक विषयाचे किती प्रश्न आले आणि तुमचे त्यातले किती बरोबर आले, हे दोन रकान्यांत लिहा.

बहीण बी.कॉम. आहे. अर्थव्यवस्थेत तिला बरं जमलं. विज्ञान आणि भूगोल दहावीनंतर सुटलेले, तिथे ती बहुतेक अंदाजाने खुणा करत होती. म्हणून वाटप असं केलं: ३०० पैकी ११० तास पूर्ण पेपर, त्यांची चिरफाड आणि उजळणी यांना. उरलेल्या १९० मध्ये भूगोल ३५, विज्ञान ३५, इतिहास ३०, गणित-बुद्धिमत्ता ३०, नागरिकशास्त्र २५, अर्थव्यवस्था २० आणि चालू घडामोडी १५.

उजळणीला एक तृतीयांशाहून जास्त वेळ दिलेला बघून बहुतेकांना धास्ती वाटते. अभ्यासक्रम पूर्ण झाला नाही तर? पण नोकरी करणाऱ्याचा खरा तोटा वेगळा आहे. दिवसभर अभ्यास करणारा मुलगा मार्चमध्ये वाचलेलं एप्रिलमध्ये पुन्हा सहज चाळतो. तुमचं मार्चमधलं प्रकरण वेळापत्रकात जागा ठेवली नाही तर थेट परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हाती येतं, आणि तेव्हा ते नव्यासारखं वाटतं. म्हणून मी नवं वाचन कमी करतो, पण उजळणीच्या तासांना हात लावत नाही.

तासांवरून बैठकांवर या

‘भूगोल ३५ तास’ असं लिहून सकाळी सहाला काय उघडायचं ते कळत नाही. तिची सकाळ ७० मिनिटांची असते, म्हणून ७० मिनिटांना आम्ही एक बैठक म्हटलं. ३५ तास म्हणजे ३० बैठका. त्या तिने धड्यांना वाटल्या: महाराष्ट्राची रचना आणि नद्या ६, हवामान-माती-पिकं ६, खनिजं-ऊर्जा-उद्योग ४, लोकसंख्या आणि वाहतूक ३, भारत ७, जग आणि अक्षांश-रेखांश ४.

एका बैठकीत किती पानं होतात हे अंदाजाने ठरवू नका. राज्य मंडळाचं भूगोलाचं पुस्तक घ्या (बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात), ४५ मिनिटं वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. निम्म्याहून कमी आठवलं तर वाचलेली पानं जास्त होती. तिला वाटलं होतं वीस पानं होतील. टिकली सात.

बैठकीच्या आतली मांडणीही ठरलेली असते. पहिली १० मिनिटं कालचं कोऱ्या कागदावर, पुस्तक न उघडता. मग ४५ मिनिटं नवं. शेवटची १५ मिनिटं त्याच धड्यावरचे मागच्या पेपरमधले प्रश्न. उदाहरण म्हणून नद्यांची एक बैठक सांगतो. आदल्या दिवशी गोदावरी झाली होती, म्हणून आधी तिच्या उपनद्या न बघता लिहिल्या. मग भीमा. भीमाशंकरचा उगम, उजवीकडून भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, नीरा. डावीकडून घोड आणि सीना. हे तिने यादी पाठ करून नाही, नकाशा हाताने काढून बसवलं. तिची बस रोज बालेवाडीपुढे मुळा ओलांडते आणि घराशेजारून मुठा वाहते. पुण्याच्या नद्या पश्चिमेकडून येऊन भीमेला मिळतात आणि भीमा खाली आग्नेयेला जाते, म्हणजे त्या उजव्या हाताला आल्या. एकदा हे डोळ्यांसमोर आलं की ‘डाव्या तीरावरील उपनदी ओळखा’ या प्रश्नात घोटाळा होत नाही. शेवटी प्रश्न सोडवले, त्यात सीना चुकली, ती कागदाच्या कोपऱ्यात लिहिली. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या दहा मिनिटांत ती आधी आली.

कोणत्या वेळेला कोणतं काम

सकाळ नव्या धड्यासाठी. यात तडजोड नको, कारण ताजं डोकं दिवसातून एकदाच मिळतं आणि ऑफिसला ते नऊनंतर लागतंच. रात्री साडेनऊला ‘आता राज्यघटनेचा नवा धडा’ असं लिहिलं असेल तर तो धडा होणार नाही. रात्रीची ४० मिनिटं सोडवलेले प्रश्न पुन्हा बघायला किंवा दहा-पंधरा नवे प्रश्न सोडवायला द्यायची. प्रश्न समोर असला की थकलेलं डोकंही काही काळ चालतं, नुसतं वाचायला घेतलं की मिटतं.

बसमध्ये वाचू नका. बायपासवर ब्रेक लागत असतात, मोबाइलवरची बारीक अक्षरं वाचून मळमळतं आणि ऑफिसात पोचेपर्यंत डोकं धरतं. बहिणीने एक छान केलं. आठवड्याच्या चुकांची यादी रविवारी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करते, दहा-बारा मिनिटांची. प्रश्न म्हणते, पाच सेकंद थांबते, मग उत्तर म्हणते. जाताना ते दोनदा ऐकते. विकतचे ऑडिओ तासन्‌तास ऐकण्यापेक्षा हे मला जास्त भावलं, कारण त्यात फक्त तिला न येणारं असतं.

अभ्यासिकेबद्दल बरेच जण विचारतात. सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिका पूर्ण वेळ तयारी करणाऱ्यांना सोयीच्या आहेत. वारज्याहून किंवा वाकडहून कामाच्या दिवशी तिथे जायचं म्हणजे जाण्यायेण्यातच अभ्यासाएवढा वेळ जातो. घरात जागा नसेल तर चालत दहा मिनिटांवरची शोधा, नाहीतर फक्त शनिवार-रविवारपुरती.

एक साधा आठवडा

तिच्या साध्या आठवड्यात १२ बैठका बसतात: पाच सकाळच्या, शनिवारी तीन, रविवारी चार. भरायच्या फक्त १०. एका वेळी एक वाचनाचा विषय आणि एक सोडवण्याचा, असे दोनच विषय. सातही विषय एका आठवड्यात घेतले की प्रत्येकाची आठवण करण्यातच वेळ जातो. भूगोलाचा तिचा आठवडा असा होता:

- सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, सकाळी ६.१० ते ७.२०: भूगोल
- बुधवार सकाळ: मोकळी
- शनिवार: गणिताच्या दोन, चालू घडामोडींची एक
- रविवार: भूगोलाचे ५० प्रश्न वेळ लावून एक, त्यांची तपासणी एक, भूगोल एक, शेवटची मोकळी

बुधवारची मोकळी बैठक म्हणजे सुट्टी नाही. सोमवार-मंगळवारी काही हुकलं असेल तर ते तिथे येतं. हुकलं नसेल तर ती अर्धा तास जास्त झोपते, आणि त्यावर मी काही बोलत नाही. मोकळी बैठक आठवड्याच्या मध्यात असणं महत्त्वाचं आहे. सगळी थकबाकी रविवारवर ढकलली की रविवार डोंगरासारखा वाटतो आणि माणूस बसतच नाही.

झोप पावणेअकरा ते पाच पन्नास. सात तास. वेळापत्रकात ही ओळ सगळ्यात आधी लिहायची.

महिनाअखेरीच्या आठवड्यासाठी वेगळा कागद आहे. त्यात नवा धडा एकही नाही. सकाळी फक्त आधीच्या तीन आठवड्यांचं कोऱ्या कागदावर आठवणं आणि प्रश्न, रविवारी एक चाचणी. आठवडा छोटा आहे हे आधीच मान्य केल्यामुळे तो पूर्ण होतो आणि साखळी तुटत नाही.

रविवारची वीस मिनिटं

दर रविवारी संध्याकाळी एकच आकडा लिहायचा: ठरवलेल्या दहापैकी किती बैठका झाल्या. लागोपाठ दोन आठवडे सातपेक्षा कमी आल्या तर वेळापत्रक चुकलं आहे. पुढच्या आठवड्यात आठच ठरवा. राहिलेलं भरून काढायला चौदा ठरवू नका, कारण दहा जमत नसताना चौदा जमणार नाहीत. लागोपाठ तीन आठवडे दहाच्या दहा झाल्या, तर एक वाढवा.

सगळ्या बैठका होत आहेत, पण सकाळची पहिली दहा मिनिटं कोरी जात आहेत, असंही होतं. म्हणजे पानं भराभर उलटली जात आहेत. तेव्हा बैठका तेवढ्याच ठेवून पानं कमी करायची. आणि एखादा विषय सतत बुधवारवर ढकलला जात असेल तर तो कठीण वाटतो आहे. तो सोमवारी सकाळी आणा. बहिणीचं विज्ञान तीन आठवडे असंच सरकत होतं.

शेवटचे सहा आठवडे

आता दर रविवारी पूर्ण पेपर. एक तास पेपर आणि त्याच्या तपासणीला दोन तास. तपासणीला पेपरच्या दुप्पट वेळ लागतो, हे वेळापत्रकात लिहिलं नसेल तर ती अर्धवट राहते. तिचा पहिला पूर्ण पेपर असा होता: ७२ प्रश्न सोडवले, ४६ बरोबर, २६ चूक. वजा साडेसहा, म्हणजे साडेएकोणचाळीस. त्या २६ चुका आम्ही चार ढिगांत टाकल्या: कधी वाचलंच नव्हतं ७, वाचलं होतं पण आठवलं नाही ९, प्रश्न घाईत चुकीचा वाचला ४, नुसता अंदाज ६.

पुढचा आठवडा या ढिगांवरून भरला. न आठवलेल्या नऊंना सकाळच्या तीन बैठका. घाईच्या चारांसाठी वाचन नको होतं. ६० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद, आणि ती सुरुवातीलाच गणिताच्या एकेका प्रश्नावर दोन-दोन मिनिटं घालवून पुढचं घाईत वाचत होती. पुढच्या पेपरात गणित शेवटी घेतलं. कधीच न वाचलेल्या सातांपैकी फक्त दोन विषय घेतले, बाकी सोडून दिले. शेवटच्या सहा आठवड्यांत नवं पुस्तक उघडायचं नाही, कितीही कोणी सुचवलं तरी.

रजा इथे लागते. तिच्याकडे सात दिवस होते. सगळे शेवटच्या आठवड्यात न टाकता दोन दिवस चौथ्या आणि दुसऱ्या आठवड्यातल्या एकेका शुक्रवारी घेतले आणि शेवटी पाच. टीमलीडला दोन महिने आधी तारखा सांगितल्या आणि महिनाअखेर टाळली, म्हणून मिळाल्या.

तारीख पुढे गेली तर

हे गृहीत धरूनच चाला. २०२१ च्या मार्चमध्ये राज्यसेवा पूर्व परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली गेली आणि शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली. २०२४ मध्ये २५ ऑगस्टची पूर्व परीक्षा बँकेच्या परीक्षेशी तारीख जुळल्यामुळे पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली. नोकरी करणाऱ्याची अडचण अशी की रजा मंजूर झालेली असते आणि शेवटचा जोर लावून झालेला असतो.

तारीख बदलल्याचं कळलं की त्याच दिवशी रजा रद्द करा, म्हणजे ती पुढे वापरता येते. चार दिवस पुस्तक बंद. मग किती आठवडे वाढले ते मोजा आणि त्यात शेवटच्या सहा आठवड्यांचाच कागद पुन्हा चालवा. बारा आठवडे वाढले असतील तर दोनदा. मध्ये एखादा आठवडा फक्त ‘कधी वाचलंच नव्हतं’ या ढिगाला द्यायचा. बहिणीच्या वहीत त्या ढिगाचं वेगळं पान आहे. त्यावर आत्ता एकोणीस ओळी आहेत, त्यातल्या अकरा विज्ञानाच्या.